अपंग दाखल्याच्या बोर्डाची तारीख आली, आता ऑफिसला काय लिहून द्यायचं? (बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या लोकांसाठी)

मी बेळगावात एका ऑफिसात हजेरी आणि पगाराचं काम बघते, म्हणजे रजेचे अर्ज रोज माझ्याच टेबलावर येतात. त्यामुळे निपाणीहून भावाचा फोन आला, "ताई, रजा नामंजूर केली की," तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला की अर्जाला कागद कुठला लावलास. त्याची मुलगी चार वर्षांची, जन्मापासून ऐकायला खूपच कमी येतं, तिचा अपंग दाखला काढायचं चाललेलं. भाऊ कोल्हापुरात एका मोठ्या कापड दुकानात कामाला, रोज निपाणीहून येऊन जाऊन करतो, आणि वहिनी निपाणीतच एका खाजगी ऑफिसात हिशोबाला. दोघांच्या दोन नोकऱ्या, दोन राज्यं, आणि पोरीचं बोर्ड बेळगावात सिव्हिलला. हे एकच घर धरून सगळं सांगते, कारण आपल्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

आधी कागदाचं. भावाने जोडलेला कागद होता ऑनलाइन अर्जाची पावती. आता दाखल्याचा अर्ज swavlambancard.gov.in वर करावा लागतो, तिथे फॉर्म भरला, फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा अपलोड केला की एक एनरोलमेंट नंबर मिळतो आणि पावती निघते. या पावतीवर अर्ज कधी केला ती तारीख असते, तपासणीला कधी बोलावलंय ती नसते. मग दुकानाच्या मॅनेजरला काय दिसलं तर डिसेंबरातली तारीख असलेला कागद आणि रजा मागितलीय फेब्रुवारीतली, त्याने नाही म्हटलं यात त्याची पण चूक म्हणता येत नाही. रजेला जोडायचं असतं ते अपॉइंटमेंट लेटर, म्हणजे हॉस्पिटलने अमुक तारखेला, अमुक वेळेला, अमुक विभागात तपासणीला हजर राहा असं कळवलेलं पत्र. कधी ते हातात कागद म्हणून मिळतं, कधी नुसता मोबाईलवर मेसेज येतो. मेसेजच असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आणि पावती दोन्ही एकत्र जोडायचं, म्हणजे मेसेजमधला एनरोलमेंट नंबर आणि पावतीवरचा नंबर एकच आहे हे बघणाऱ्याला जुळवून घेता येतं.

आणि अर्ज केल्या केल्या ऑफिसला रजा मागायची घाई करू नका. 2024 च्या ऑक्टोबरात नियम बदलले, त्यात दाखला द्यायची मुदत तीन महिने केलीय, त्यामुळे अर्ज आणि तपासणी यात बरंच अंतर पडू शकतं. अर्ज केला की साहेबांना तोंडी कानावर घालून ठेवा, लेखी अर्ज तारीख हातात आल्यावरच.

दुसरी अडचण आपल्याच भागातली, पत्र कन्नडमध्ये. वहिनीच्या ऑफिसात काही प्रश्न नाही, निपाणीत कन्नड वाचणारा कुणी ना कुणी असतोच, पण कोल्हापूरच्या मॅनेजरला ते पत्र म्हणजे नुसत्या गोल गोल रेघा. आकडे बहुतेक नेहमीचे असतात पण कधी कधी तेही कन्नडमध्ये येतात. मी भावाला सांगितलं, पत्राची झेरॉक्स काढ आणि तिच्याच खाली पेनने मराठीत तीन ओळी लिही: कुणाला बोलावलंय, कधी, कुठे. पत्रातले महत्त्वाचे शब्द तसे आपल्याला कानाने ओळखू येतात, दिनांक म्हणजे दिनांकच, समय म्हणजे वेळ, वैद्यकीय मंडळी म्हणजे आपलं मेडिकल बोर्ड, विकलचेतन किंवा अंगविकल म्हणजे दिव्यांग, आणि हाजरागबेकु म्हणजे हजर राहिलं पाहिजे. या शब्दांखाली रेघ मारून बाजूला मराठी लिहिलं तर वाचणाऱ्याला शंका राहत नाही. स्टँप पेपर, नोटरी असलं काही भावाला लागलं नाही, खाली "मजकूर मी वाचून लिहिला आहे" म्हणून सही केली तेवढ्यावर झालं.

आता मुख्य मुद्दा, जो भावाला माहीतच नव्हता आणि खरं सांगायचं तर मला पण नोकरीत लागल्यावरच कळला. बोर्ड कुठलं हे तुमच्या राहण्याच्या पत्त्यावर ठरतं, पण रजा कुठली हे तुमच्या कामाच्या ठिकाणावर ठरतं. मुलीचं आधार निपाणीचं, म्हणजे जिल्हा बेळगाव, म्हणून तपासणी बेळगावात. आधार कोल्हापूरच्या भाड्याच्या खोलीचं असतं तर अर्ज तिकडे गेला असता. दुसरा मार्ग पण नियमात आहे, ज्या सरकारी दवाखान्यात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथे पण अर्ज करता येतो, म्हणजे समजा पोरीचे उपचार कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये चालू असते तर तो विचार करता आला असता. दाखला कुठल्याही जिल्ह्यात निघाला तरी तो सगळ्या देशात चालतो, 2016 च्या दिव्यांग कायद्यातच तसं लिहिलंय, तेव्हा "कर्नाटकचा दाखला महाराष्ट्रात चालेल का" ही काळजी करू नका. फक्त पेन्शनसारख्या राज्याच्या योजना मात्र तुम्ही कुठल्या राज्याचे रहिवासी आहात त्यावर जातात.

रजेचं मात्र वेगळं. भाऊ कोल्हापुरात कामाला म्हणून त्याला महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा लागू, तो पण दुकानात वीस किंवा जास्त माणसं असतील तरच, त्याच्या दुकानात तीसेक आहेत. या कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे, आपण सीएल म्हणतो ती. पण ती आठ दिवस एकदम जानेवारीत मिळत नाहीत, दर तीन महिन्यांनी जमा होतात, म्हणजे तिमाहीला दोन. भावाने जानेवारीत एक सीएल घरच्या कामाला घेतलेली, त्यामुळे फेब्रुवारीत हातात राहिली एकच. याशिवाय वर्षात 240 दिवस काम भरलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते, ती त्याची शिल्लक होती.

वहिनी निपाणीत म्हणजे कर्नाटकात कामाला, तिला कर्नाटकचा 1961 चा दुकाने आणि व्यापारी आस्थापना कायदा. यात वर्षाला 12 दिवसांपर्यंत पगारी रजा आहे, लोक तिला सिक लीव्ह म्हणतात आणि आजारी पडल्यावरच मिळते असं समजून गप्प बसतात. पण कायद्यात आजार, अपघात याच्यापुढे आणखी एक कारण लिहिलंय, "इतर कुठलंही योग्य कारण". चार वर्षांच्या मुलीला सरकारी बोर्डासमोर घेऊन जायचं आहे आणि हातात हॉस्पिटलचं पत्र आहे, याहून योग्य कारण दुसरं कुठलं असणार! आणि ही रजा नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आहे, 240 दिवस भरायची अट तिला नाही. वहिनीला लागून आठच महिने झालेले आणि ती धरून बसलेली की आपल्याला काही मिळणार नाही.

"अपंग तपासणी रजा" अशा नावाची वेगळी रजा मात्र या दोन्ही कायद्यांत नाही हे स्पष्ट सांगते, कारण लोक ती शोधत बसतात. सरकारी नोकरीतल्यांना वाटतं आपल्याला तर खास रजा आहेच. केंद्र सरकारच्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना वर्षाला 4 दिवस विशेष किरकोळ रजा आहे खरी, स्वतःच्या अपंगत्वाच्या कामासाठी, आणि केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या वडिलांना मुलांच्या संगोपनाची रजा पण आहे, पूर्ण नोकरीत 730 दिवस, दिव्यांग मुलाला तर अठरा वर्षांची अट पण नाही. पण ही वयाची सवलत घ्यायला किमान 40 टक्क्यांचा दाखला लागतो, आणि आपण चाललोय तोच दाखला काढायला. म्हणून पहिल्या तपासणीला बहुतेकांना साधी सीएल किंवा शिल्लक अर्जित रजाच वापरावी लागते असं धरून चाला, म्हणजे ऐनवेळी मनस्ताप होत नाही.

स्वतःची तपासणी असेल तरी हेच. आमच्याकडे एकजण पायाच्या तपासणीला जाणार होता, त्याने कारण लिहिलं "तब्येत बरी नाही" आणि जोडलं बोर्डाचं पत्र. मग वर प्रश्न गेला की आजारी आहे तर डॉक्टरचं सर्टिफिकेट कुठे, कामावर परत येताना फिटनेस कुठे. माणूस खरंच अडचणीत, पण कारण एक आणि कागद दुसराच सांगतोय म्हटल्यावर अर्ज अडकला. तेव्हा जे आहे तेच लिहा, तपासणीला जायचं आहे.

आता किती दिवस मागायचे. इथे लोक एक दिवस लिहितात आणि फसतात. भावाची पहिली तारीख मंगळवारची होती. पहाटेची बस धरून दोघं मुलीला घेऊन गेली, निपाणी ते बेळगाव पंच्याहत्तर किलोमीटर आसपास, नऊच्या आत सिव्हिलला ओपीडीची चीटी काढली, कानाच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की बेरा टेस्ट केल्याशिवाय टक्केवारी लिहिता येणार नाही. मोठ्या माणसाला कानाला हेडफोन लावून "आवाज आला की बोट वर करा" म्हणता येतं, चार वर्षांची पोर ते नीट कुठे सांगणार, म्हणून लहान मुलांची बेरा करतात, यात मूल झोपलेलं असताना कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतोय का हे मशीन बघतं. या टेस्टची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली.

दुसऱ्या फेरीला भाऊ गेला नाही, वहिनी आणि आमची आई गेल्या. मूल शांत झोपावं म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवायचं, सकाळी बसमध्ये डोळा लागू द्यायचा नाही, आईने निपाणीपासून बेळगावपर्यंत तिला खिडकीतून बैल, ट्रक, ऊस सगळं दाखवत जागं ठेवलं. तिथे औषध पाजलं, कपाळाला आणि दोन्ही कानांमागे वायरी चिकटवल्या, पोर आईच्या खांद्यावरच झोपली. उठल्यावर दुपारपर्यंत पेंगत होती. म्हणून सांगते, बेरा असेल तर हाफ डे मागू नका, अर्ध्या दिवसात होत नाही ते. तिसरी फेरी रिपोर्ट घेऊन बोर्डासमोर, तिला भाऊ मुलीला घेऊन एकटा गेला.

हिशोब बघा. पहिल्या फेरीला भावाची उरलेली एक सीएल गेली आणि वहिनीची बारातली एक. दुसरीला वहिनीची अजून एक. तिसरीला भावाने अर्जित रजेतला एक दिवस घेतला. कुणाचा पगार कापला गेला नाही. पण पहिल्याच अर्जात जर नुसतं "मंगळवारी रजा पाहिजे" लिहिलं असतं तर पुढच्या दोन वेळेला नव्याने सगळी कथा सांगावी लागली असती. म्हणून आम्ही दुसऱ्यांदा लिहिलेल्या अर्जात आधीच एक वाक्य घालून ठेवलं. तो अर्ज असा होता, तुम्ही तुमचे तपशील घालून वापरा:

"मा. मॅनेजर साहेब यांस,
विषय: मुलीच्या अपंगत्व तपासणीसाठी एक दिवस रजा मिळणेबाबत.
माझ्या मुलीला ऐकण्याच्या अपंगत्वाचा दाखला मिळण्यासाठी जिल्हा रुग्णालय, बेळगाव येथे मंगळवार दि. ___ रोजी सकाळी ___ वाजता तपासणीला बोलावलं आहे. ती लहान असल्याने पालकाने सोबत असणं गरजेचं आहे. तरी त्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर करावी. तपासणीत आणखी चाचण्या सांगितल्यास पुन्हा जावं लागण्याची शक्यता आहे, तशी तारीख मिळाल्यास त्याच दिवशी कळवेन. माझं काम त्या दिवशी ___ बघणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.
सोबत: 1) अपॉइंटमेंट पत्राची प्रत, मराठी मजकुरासह 2) मुलीच्या जन्म दाखल्याची प्रत."

जन्म दाखला कशाला, तर पत्रावर नाव असतं मुलीचं. भावाच्या केसमध्ये पत्रात आडनावाचं स्पेलिंग पण वेगळं आलेलं, कन्नडमधून इंग्लिशमध्ये येताना आपली आडनावं बदलतातच. मग ही मुलगी तुमचीच कशावरून असा प्रश्न नको म्हणून नातं दाखवणारा एक कागद जोडायचा, मुलाचा असेल तर जन्म दाखला, आई-वडिलांचा असेल तर रेशन कार्ड चालतं. एकच कागद पुरे, फाईल भरून द्यायची गरज नाही.

उलट काय द्यायचं नाही ते पण ऐका. मालकाला तारीख, वेळ, ठिकाण आणि नाव एवढंच बघायचं असतं. जुने रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, आधारची झेरॉक्स हे काही जोडू नका. अपॉइंटमेंट पत्रावर आधार नंबर छापलेला असेल तर शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाका आणि मग झेरॉक्स काढा. मानसिक आजाराची तपासणी असेल आणि ऑफिसात कळू द्यायचं नसेल तर अर्जात "अपंगत्व तपासणी" एवढाच शब्द वापरा, प्रकार लिहायची सक्ती नाही, आणि पत्रावर विभागाचं नाव असेल तर झेरॉक्सवर तेवढी ओळ झाकली तरी तारीख आणि हॉस्पिटल दिसतंच की. मी स्वतः असे अर्ज घेतलेत आणि पुढे एक शब्द विचारला नाही.

गेल्या दिवसाचा पुरावा मात्र विसरू नका, कारण पत्र हे बोलावल्याचा पुरावा आहे, गेल्याचा नाही. ओपीडीच्या चीटीवर त्या दिवसाची तारीख आणि शिक्का असतो, तिचा फोटो तिथेच काढा. चीटी आत जमा करून घेतली आणि फोटो राहिला तर नंतर मिळवायला परत एक फेरी होते. कधी डॉक्टर सुट्टीवर असतात आणि पुढची तारीख देतात, अशा वेळी त्याच चीटीवर "पुढील तारीख" लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं ऑफिसात चालत नाही. तारीख बदलल्याचा मेसेज घरी बसून आला तर त्याच दिवशी ऑफिसला कळवून जुनी रजा रद्द करा, नाहीतर हजर असून रजा मांडली जाते आणि महिनाअखेरीला माझ्यासारखीला रजिस्टर खोडायला लागतं.

अर्ज नामंजूर केला तर आधी लेखी कारण मागा. पुष्कळदा नामंजूर म्हणजे कागद अपुरा एवढंच असतं, भावाचं तसंच झालं, बरोबर पत्र लावल्यावर दुसऱ्या दिवशी सही झाली. पण कागद पूर्ण आहे, रजा शिल्लक आहे आणि तरी बिनपगारी मांडली, तर नोकरी ज्या राज्यात तिथल्या कामगार खात्याच्या ऑफिसात जायचं, म्हणजे भाऊ कोल्हापूरच्या, वहिनी बेळगावकडच्या. निपाणीत राहतो म्हणून भावाने बेळगावला तक्रार दिली तर ती तिथे चालणार नाही.

तारखेचं काही कळत नसेल, मेसेज येऊन पुसला गेला असेल, तर पोर्टलवर एनरोलमेंट नंबर टाकून अर्ज कुठपर्यंत आलाय ते बघता येतं. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत कर्नाटक सरकारचे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, लोक त्यांना व्हीआरडब्ल्यू म्हणतात, तालुक्याला एमआरडब्ल्यू असतात, त्यांचं कामच हे आहे. खानापूर तालुक्यातल्या आडवाटेच्या गावातून फक्त तारीख विचारायला कुणी एक दिवस रजा काढून बेळगावला येऊ नये, मला ते फार वाईट वाटतं, कारण तीच रजा पुढे तपासणीला कमी पडते.

तसंच दाखला न्यायला म्हणून पण रजा काढू नका. दाखला आणि कार्ड मंजूर झालं की पोर्टलवरूनच डाउनलोड होतं. कार्डाचा रंग बघून अंदाज येतो, 40 टक्क्यांच्या खाली पांढरं, 40 ते 80 च्या मधे पिवळं, त्याच्या वर निळं. आमच्या पोरीचं निळं आलं. भावाने ते मोबाईलवर उघडून आईला दाखवलं आणि मग वाचता वाचता थांबला, खाली मुदत लिहिलेली होती. दाखला कायमचा नाही, तात्पुरता आहे, लहान मुलांना पुष्कळदा असाच देतात आणि ठराविक वर्षांनी परत तपासणी करतात. त्याने ती तारीख लगेच मोबाईलच्या कॅलेंडरात तीन महिने आधीची लावून टाकली, आणि वहिनीने अर्जाची कॉपी, मराठी लिहिलेलं पत्र आणि तिन्ही फेऱ्यांच्या चीट्यांचे फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशन कार्डाच्या डब्यात ठेवले.